मिठाची फूटपट्टी

बोरिवलीच्या धक्क्यावरून तर पकडली की खाडी ओलांडून काही मिनिटांत गोराई येतं. तिथून उत्तनवरून भाईंदरकडे निघालं की राई-मुर्ध्याच्या आसपास रस्त्याच्या कडेला मिठागरं दिसू लागतात. आगरी माणसं मीठ 'पिकतं' म्हणतात, आणि उन्हाळ्यात ते खरोखर पीक घेतल्यासारखंच दिसतं. बांध घातलेले चौकोनी वाफे, त्यात साचलेलं खारं पाणी, कडेला पांढरे ढीग. अशा ढिगातला एक टपोरा खडा तळहातावर घेऊन नीट पाहा. कडा सरळ असतात, कोपरे काटकोनी असतात आणि पुष्कळदा मधोमध पायऱ्या-पायऱ्यांचा खड्डा असतो. खडा फोडला तर त्याचे वेडेवाकडे कपचे होत नाहीत, लहान चौकोन होतात. ते फोडले तर आणखी लहान चौकोन.

हे चौकोन कुठपर्यंत जातात, हा प्रश्न जुना आहे. स्फटिक म्हणजे एकसारख्या बारीक विटांची रास, असा तर्क फ्रान्समध्ये आबे हाउय यांनी अठराव्या शतकातच मांडला होता. पण वीट कुणी पाहिली नव्हती आणि तिचं माप तर कुणालाच ठाऊक नव्हतं. ते माप १९१३ च्या उन्हाळ्यात मिळालं, आणि मिळालं ते हिऱ्यात किंवा सोन्यात नव्हे, मिठात.

सुरुवात त्याच्या आदल्या वर्षीची. १९१२ च्या वसंतात म्युनिकमध्ये माक्स फॉन लाउए यांनी एक कल्पना काढली. क्ष-किरण जर लहरी असतील आणि स्फटिकातले अणू जर ओळीने मांडलेले असतील, तर स्फटिकातून जाताना त्या लहरी ठराविक दिशांनाच जोर धरतील. वॉल्टर फ्रीडरिश आणि पाउल क्निपिंग या दोघांनी प्रयोग करून पाहिला. आधी मोरचूद ठेवला, मग जस्ताच्या सल्फाइडचा नीट कापलेला स्फटिक. फोटोच्या काचेवर ठिपक्यांची रांगोळी उमटली. लाउए यांनी तिचं गणितही मांडलं, पण ते फार अवघड होतं आणि सगळे ठिपके त्यात बसत नव्हते.

ही बातमी इंग्लंडला पोचली तेव्हा विल्यम लॉरेन्स ब्रॅग बावीस वर्षांचा होता आणि केंब्रिजमध्ये नुकतंच संशोधन सुरू करत होता. वडील विल्यम हेन्री ब्रॅग लीड्सला प्राध्यापक. क्ष-किरण हे कण आहेत असं वडिलांचं मत, आणि ठिपके तर लहरींची साक्ष देत होते. मुलाच्या लक्षात आलं की फोटोची काच स्फटिकापासून दूर नेली की गोल ठिपके लांबट होतात. आरशावरून परतलेला उजेड असाच वागतो. मग त्याने स्फटिकाकडे अणूंचं जंगल म्हणून न पाहता एकावर एक रचलेल्या थरांची चळत म्हणून पाहिलं. प्रत्येक थर थोडे किरण परतवतो. लागोपाठच्या थरांवरून आलेल्या लहरी एकमेकींशी जुळल्या तरच किरण दिसतो, नाहीतर त्या एकमेकींना पुसून टाकतात. हे ११ नोव्हेंबर १९१२ ला केंब्रिजच्या फिलॉसॉफिकल सोसायटीत वाचलं गेलं. आजच्या पाठ्यपुस्तकात ते असं लिहितात:

```
nλ = 2d sinθ
```

λ ही क्ष-किरणांची तरंगलांबी, d हे दोन थरांमधलं अंतर आणि θ हा किरण थराला ज्या कोनात भिडतो तो कोन. सूत्र एका ओळीचं आहे, पण नीट पाहिलं तर त्यात एक पेच आहे. मोजता येतो फक्त कोन. λ आणि d दोन्ही अज्ञात. १९१२ मध्ये क्ष-किरणांची तरंगलांबी कुणालाही नेमकी माहीत नव्हती, कारण ती मोजायची तर थरांमधलं अंतर माहीत हवं, आणि अंतर हवं असेल तर तरंगलांबी. उखळाला मुसळ हवं आणि मुसळाला उखळ, असा प्रकार.

हा पेच मिठाने सोडवला. केंब्रिजचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक विल्यम पोप यांनी मुलाला सुचवलं की साधे क्षार घे. त्याने घेतलं सैंधव, म्हणजे खाणीतलं मीठ, आणि त्याचं भावंड पोटॅशियम क्लोराइड. दोन्ही दिसायला जुळे. दोन्हीचे चौकोनी खडे, चवही जवळपास तशीच. पण फोटो वेगळे आले. पोटॅशियम क्लोराइडचे ठिपके अगदी साध्या घनाचे होते, म्हणजे फक्त आठ कोपऱ्यांवर अणू असलेला घन. मिठाचे ठिपके मात्र सांगत होते की घन मोठा आहे आणि प्रत्येक बाजूच्या मधोमधही अणू आहे. जुळ्या भावंडांच्या घरांचे आराखडे वेगळे कसे?

उत्तर मोठं गमतीचं आहे. आराखडा एकच आहे. बुद्धिबळाच्या पटासारखा, पण तिन्ही दिशांना: एक सोडियम, एक क्लोरीन, पुन्हा सोडियम. पोटॅशियम आणि क्लोरीन यांचं वजन जवळपास सारखं, त्यामुळे क्ष-किरणांना ते दोघे एकच वाटतात. पांढरी आणि काळी घरं एकाच रंगाने रंगवली तर पटाचा पट उरत नाही, साधी जाळी उरते. ब्रॅगने अणुभारावरून हिशेब केला होता. पुढे कळलं की क्ष-किरण वजन पाहत नाहीत, इलेक्ट्रॉन पाहतात. पोटॅशियम आणि क्लोरीन यांच्या आयनांवर प्रत्येकी अठरा इलेक्ट्रॉन असतात, अगदी समसमान. सोडियमच्या आयनावर दहा. म्हणून मिठात पट दिसतो आणि पोटॅशियम क्लोराइडमध्ये लपतो.

हीच गोष्ट आजच्या प्रयोगशाळेत कशी दिसते ते पाहू. खडा खलात कुटून त्याची पिठी केली आणि तांब्याच्या नळीचे क्ष-किरण सोडले (तरंगलांबी १.५४०६ अँगस्ट्रॉम, आणि एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटीमीटरचा दहा कोटीवा भाग), की यंत्र कोन वाढवत जातं आणि कागदावर टोकदार शिखरं उमटतात. पोरं त्यांना 'पीक' म्हणतात, मिठाच्या बाबतीत ते शोभतंही. शुद्ध मिठाची पहिली सहा शिखरं २७.३७, ३१.७०, ४५.४५, ५३.८७, ५६.४८ आणि ६६.२३ अंशांवर येतात. यंत्र 2θ दाखवतं, म्हणून आधी प्रत्येक आकडा निम्मा करायचा. (हे विसरणारे दर वर्षी भेटतात.) मग प्रत्येकाच्या साइनचा वर्ग काढायचा. पहिल्याचा येतो ०.०५६०, दुसऱ्याचा ०.०७४६, तिसऱ्याचा ०.१४९२. दुसऱ्याला चार मानलं तर पहिला तीन होतो आणि तिसरा आठ. पुढचे तीन अकरा, बारा, सोळा.

तीन, चार, आठ, अकरा, बारा, सोळा. ही ओळ ज्याला पाठ आहे त्याला आणखी काही विचारावं लागत नाही. घनात कोणत्याही थराला तीन पूर्णांकांचा पत्ता असतो, आणि त्या तीन पूर्णांकांच्या वर्गांची बेरीज म्हणजे हे आकडे: (१११) चे तीन, (२००) चे चार, (२२०) चे आठ, (३११) चे अकरा. पत्त्यातले तिन्ही आकडे एकतर सगळे विषम किंवा सगळे सम, मिसळ नाही. ही खूण फक्त बाजूंच्या मध्यावर अणू असलेल्या घनाचीच. साधा घन असता तर एक, दोन, तीन, चार असे आकडे आले असते.

आता शिखरांची उंची पाहा. (२००) ला शंभर मानलं तर (१११) जेमतेम तेरा आणि (३११) फक्त दोन. विषम पत्त्यांच्या थरांमध्ये सोडियमचा थर आणि क्लोरीनचा थर आलटून पालटून येतात आणि एकमेकांच्या विरोधात ओढतात. अठरा वजा दहा, उरतात आठ. सम पत्त्यांत दोघे मिळून अठ्ठावीस. पोटॅशियम क्लोराइडमध्ये अठरा वजा अठरा, बाकी शून्य, म्हणून विषम शिखरं गायब आणि भावंड साध्या घनाचं सोंग घेतं. १९१३ साली पोराने फोटोवरून ओळखलं ते हेच.

आराखडा कळला, माप राहिलं. इथे ब्रॅगने दुकानदाराचा हिशेब केला. मोठ्या घनात सोडियम-क्लोरीनच्या चार जोड्या मावतात, हे आराखड्यावरून ठरलं. एका जोडीचं वजन रसायनशास्त्रावरून माहीत. मिठाची घनता तराजूवर मिळते, दर घन सेंटीमीटरला २.१६५ ग्रॅम. आजच्या आकड्यांनी मांडायचं तर:

```
V = 4 × 58.44 / (6.022×10²³ × 2.165) = 1.793×10⁻²² cm³
a = 5.64×10⁻⁸ cm
```

घनमूळ काढलं की घनाची कड आली, ५.६४ अँगस्ट्रॉम. (२००) च्या थरांमधलं अंतर तिच्या निम्मं, २.८२. आता d कळलं, म्हणून λ कळला. मग त्या λ ने दुसऱ्या कुठल्याही स्फटिकाचा d. पेच सुटला आणि मिठाचा खडा साऱ्या क्ष-किरणांची फूटपट्टी झाला. वडिलांनी लीड्समध्ये बनवलेल्या मोजणी यंत्रावर बापलेकांनी एकामागून एक स्फटिक उलगडले. १९१५ चं नोबेल दोघांना मिळालं. मुलगा पंचवीस वर्षांचा होता आणि त्या वेळी आघाडीवर शत्रूच्या तोफा आवाजावरून हुडकण्याच्या कामात होता. धाकटा भाऊ त्याच वर्षी गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला होता.

रसायनवाल्यांच्या गळी मात्र हे उतरेना. बुद्धिबळाच्या पटात 'सोडियम क्लोराइडचा रेणू' कुठेच सापडत नाही. प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोरीन, प्रत्येक क्लोरीनभोवती सहा सोडियम, कुणाची कुणाशी जोडी नाही. हेन्री आर्मस्ट्राँग या जुन्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १९२७ मध्ये, म्हणजे चौदा वर्षांनीसुद्धा, 'नेचर'मध्ये बिचाऱ्या मिठाची कीव करत या पटाविरुद्ध तावातावाने पत्र लिहिलं.

दरम्यान युद्धाच्या काळातच ग्योटिंगेनमध्ये पेटर डेबाय आणि पाउल शेरर यांनी १९१६ साली दाखवलं की सुबक स्फटिकाची गरज नाही, पिठीही चालते. पिठीतले लाखो कण सगळ्या दिशांना वळलेले असतात, प्रत्येक थरासाठी काही ना काही कण योग्य कोनात सापडतातच. अमेरिकेत अल्बर्ट हल यांनी स्वतंत्रपणे हेच शोधलं. १९१८ मध्ये शेरर यांनी आणखी एक पाऊल टाकलं. कण फार बारीक असेल तर त्यात थर थोडे, आणि थर थोडे असले की चुकीच्या कोनातल्या लहरी पूर्ण पुसल्या जात नाहीत. शिखर पसरट होतं. म्हणजे शिखराच्या रुंदीवरून कणाचा आकार काढता येईल:

```
D = Kλ / (β cosθ)
```

β ही शिखराच्या निम्म्या उंचीवरची रुंदी, रेडियनमध्ये. K साधारण ०.९. शेरर यांनी हे कलिल सोन्यावर लावलं. समजा सोन्याचं ३८.२ अंशांवरचं शिखर दोन अंश रुंद आलं. दोन अंश म्हणजे ०.०३४९ रेडियन, १९.१ अंशांचा कोसाइन ०.९४५. उत्तर ४.२ नॅनोमीटर, म्हणजे जेमतेम अठरा थर. उघड्या डोळ्यांना कधीच दिसणार नाही असा कण फूटपट्टीने मोजल्यासारखा मोजला गेला.

पण हे सूत्र वापरणाऱ्याला दगा देतं, आणि तेही मिठावरच सगळ्यात सुंदर दिसतं. एका महाविद्यालयाच्या प्रयोगवहीत मी मिठाच्या कणाचा आकार ८३ नॅनोमीटर लिहिलेला पाहिला आहे. हिशेबात चूक नव्हती. ३१.७ अंशांवरचं शिखर ०.१० अंश रुंद, सूत्रात घातलं, उत्तर ८३. फक्त ते मीठ मिठागरातल्या खड्यांचं होतं, दोन मिलिमीटरचे खडे, खलात जेमतेम मोडलेले, चिमटीत धरता येणारे. ती ०.१० अंशाची रुंदी कणाची नव्हतीच, यंत्राची होती. नळी, फटी, तरंगलांबीचा स्वतःचा पसारा, यामुळे मोठ्यात मोठ्या स्फटिकाचं शिखरही एवढं रुंद येतंच. म्हणून आधी मोठ्या कणांचा प्रमाणित नमुना ठेवून यंत्राची रुंदी मोजायची आणि ती वजा करायची. मीठ जर यंत्राइतकंच रुंद असेल तर लिहायचं एवढंच: आकार या पद्धतीच्या पल्ल्याबाहेर, शंभर-दोनशे नॅनोमीटरच्या वर कितीही.

वजाबाकीतही मेख आहे. समजा बारीक नमुन्याची रुंदी ०.३० आली आणि यंत्राची ०.१०. सरळ वजा केलं तर आकार ४१ नॅनोमीटर येतो. वर्ग करून वजा केले, मग वर्गमूळ काढलं, तर २९. काहीच वजा केलं नाही तर साडेसत्तावीस. कोणती वजाबाकी योग्य ते शिखराचा घाट कसा आहे त्यावर ठरतं, आणि कणात ताण असेल तर तोही शिखर रुंद करतो. म्हणून कुणी '२९.२४ नॅनोमीटर' असं दशांशासकट सांगितलं की मी दशांशावर विश्वास ठेवत नाही.

घनाची कड मात्र याच आलेखातून फार अचूक निघते, पण तिथेही हात सांभाळून. मिठाची पिठी भरताना ती धारकाच्या पातळीपेक्षा ०.२ मिलिमीटर खाली दबली, तर साधारण २०० मिलिमीटर त्रिज्येच्या यंत्रावर ३१.७० चं शिखर ३१.५९ वर सरकतं. त्यावरून कड येते ५.६६. त्याच आलेखातलं ८३.९९ चं शिखरही सरकतं, पण त्यावरून कड येते ५.६४५. दोन शिखरं, दोन मापं, आणि खडा एकच. कोन वाढेल तसं माप खाली उतरत असेल तर समजावं की नमुना खाली बसलाय. मग चढत्या कोनांची मापं आलेखावर मांडून रेघ शेवटपर्यंत ओढायची, चूक जिथे शून्य होते तिथे ५.६४० सापडतो. एकाच, त्यातून लहान कोनाच्या, शिखरावरून कड सांगणं म्हणजे एकाच शेजाऱ्याला विचारून गावाची वस्ती सांगणं.

आणखी दोन खोड्या खास मिठाच्या. चौकोनी कण सपाट बाजूवर आडवे होतात, त्यामुळे नीट कुटलं नाही तर (२००) आणि (४००) ची शिखरं अवाच्या सवा उंच येतात आणि बाकीची मान टाकतात. आणि ऊन: मीठ तापलं की पसरतं, दहा अंश तापमान वाढलं की कड ५.६४० ची ५.६४२ होते. मे महिन्यात पंख्याखाली चालणाऱ्या प्रयोगशाळेने तिसरा दशांश लिहिताना शेजारी तापमानही लिहावं. जुलैत तर प्रश्नच मिटतो, पिठी हवेतलं पाणी ओढून धारकातच ओली होते. मिठागरातलं कच्चं मीठ असेल तर ११.६ अंशांवर एक छोटं अनोळखी टेकाड दिसेल. ते मिठाचं नाही, जिप्समचं. समुद्राचं पाणी आटताना मिठाच्या आधी जिप्सम बसतं आणि थोडं मिठासोबत येतं. ते शिखर मिठाच्या पत्त्यांत कोंबायचा हट्ट धरला की सगळं गणित बिघडतं.

आता त्या फूटपट्टीकडे परत येतो, कारण तिची गोष्ट अजून संपलेली नाही. ब्रॅगच्या हिशेबात एका जोडीचं वजन लागतं, त्यासाठी अ‍ॅव्होगाड्रोचा अंक लागतो, आणि तो त्या काळी इलेक्ट्रॉनच्या विद्युतभारावरून काढत. तो भार रॉबर्ट मिलिकन यांनी तेलाच्या थेंबांवरून मोजला होता, ४.७७४. या आकड्याने मिठाच्या थरांमधलं अंतर येतं २.८१४ अँगस्ट्रॉम. स्वीडनमध्ये माने सीगबान यांनी त्या मापावर क्ष-किरणांच्या तरंगलांबी पाच-सहा आकड्यांपर्यंत मोजल्या. खनिज मिठाचे स्फटिक पुरेसे निर्दोष नसतात म्हणून पुढे ते कॅल्साइटवर गेले, पण मूळ माप मिठाचंच ठेवलं.

१९२५ मध्ये शिकागोत आर्थर कॉम्प्टन आणि रिचर्ड डोन यांनी धातूच्या आरशावर बारीक रेघा ओढून, स्फटिकाशिवाय, क्ष-किरणांची तरंगलांबी मोजली. पद्धत सुधारत गेली तसं दिसू लागलं की रेघांचं उत्तर आणि मिठाचं उत्तर जुळत नाही. फरक हजारात दोनाचा. स्फटिकवाले रेघांना दोष देत, रेघांवाले स्फटिकाला. शेवटी दोष निघाला तेलाच्या थेंबात. थेंब हवेतून पडताना हवा किती अडवते, तो हवेच्या चिकटपणाचा आकडा मिलिकन यांनी जरा कमी धरला होता. तो १९३० च्या दशकात नीट मोजला गेला, आणि विद्युतभार ४.७७४ चा ४.८०३ झाला. म्हणजे हजारात सहाची चूक. घनमूळ काढताना ती तिसरा हिस्सा होते, हजारात दोन. बरोबर तेवढाच फरक.

फूटपट्टी वीस वर्षं आखूड होती. मिठाच्या थरांमधलं अंतर २.८१४ नव्हे, २.८२०.